'हांव सायबा' : एका देखणीची उलटतपासणी

काही महिन्यांपूर्वी आम्ही एका टिपणाचा मसुदा तयार करीत होतो. विषय होता सीमेच्या दोन्ही बाजूंची लोकभाषा. त्यात आम्ही एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते : 'गोव्याच्या लोकप्रिय गाण्यांची भाषा मराठीच आहे, हे कोणत्याही मराठी माणसाला ऐकताक्षणी कळते.' मसुदा आम्ही फोंड्याच्या एका वकीलमित्रांकडे नजरेखालून घालण्यासाठी पाठविला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, हे वाक्य तुम्ही विधान म्हणून लिहिले आहे की पुरावा म्हणून? पुरावा म्हणून लिहिले असेल तर साक्षीदार पिंजऱ्यात उभा करा. कोणतेही एक गाणे घ्या, आणि ओळीओळीने तपासा."

तीस वर्षे न्यायालयात उभे राहिलेल्या माणसाला हे आव्हान नाकारता येत नाही. आम्ही गाणे निवडले ते सर्वांच्या ओळखीचे : 'हांव सायबा' या नावाने ओळखली जाणारी देखणी. कार्लुस एउजेनियु फेरैरा यांची ही रचना 1895 साली प्रथम छापली गेली. 1973 सालच्या 'बॉबी' या हिंदी चित्रपटात तिची चाल आणि तिच्यातला 'घे' हा शब्द घेऊन एक गाणे केले गेले आणि ती भारतभर पोहोचली. आम्हीही ती प्रथम लहानपणी घरासमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकली, ती त्या हिंदी वेषात. मूळ कोंकणी गाणे पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकले. त्यातला 'नाका' हा शब्द ऐकून आम्हा मुलांची खात्री झाली होती की गाण्यातील नदीच्या काठी जकातनाका आहे आणि नर्तकी त्या नाक्यावर अडली आहे. सीमेवर वाढलेल्या मुलांना दुसरे काय सुचणार?

गाण्याचा प्रसंग असा. एका नर्तकीला नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचे आहे. वाट ठाऊक नाही, म्हणून ती तारीला, म्हणजे होडीवाल्याला, विनविते. मांडवात कलावंतिणींचा कार्यक्रम आहे. ती अंगावरचे दागिने देऊ करते, आणि तारी ते घेत नाही. देखणी हा प्रकार गोव्यातील ख्रिस्ती रचनाकारांनी हिंदू नर्तकीच्या तोंडी गाणी घालून घडविला. ही गोष्ट पुढे एका प्रत्ययाच्या वेळी उपयोगी पडेल.

पहिली अडचण लिपीची. जुन्या छापील प्रती रोमन लिपीत आहेत आणि ते लेखन पोर्तुगीज वळणाचे आहे. क्रियापदाच्या शेवटी तेथे 'एम' अक्षर दिसते. आम्ही भाबडेपणाने 'वेताम' असे उतरवून घेतले आणि संस्कृतातल्या कोणत्या रूपाशी त्याचे नाते लागते याचा एक संध्याकाळभर शोध घेतला. ते अक्षर 'म' नव्हेच. ते केवळ आधीचा स्वर नाकातून उच्चारावा एवढे सांगते. देवनागरीत तेथे अनुस्वार हवा : वेतां. तसेच दुहेरी 'टी' किंवा दुहेरी 'डी' आली तर तेथे ट आणि ड वाचायचे, एकेरी असेल तर त आणि द. या दोन किल्ल्या हाती आल्या की अर्धे गाणे आपोआप उघडते. ज्यांना अशा प्रती चाळावयाच्या असतील त्यांनी आमची संध्याकाळ वाया गेली तशी आपली घालवू नये.

मग आम्ही फुलस्केप कागदावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्यात गाण्यातला शब्द, दुसऱ्यात त्याचे मूळ, तिसऱ्यात त्याचा प्रत्यय. 'रे' आणि 'गो' ही संबोधने वेगळी ठेवली, तर महत्त्वाचे असे पंधरा शब्द निघाले.

पहिल्या ओळीत चार शब्द आहेत. 'सायबा' हा तर आपलाच. अरबी 'साहिब' मधला ह गळून 'सायब' झाला, आणि देवा, रामा यांत लागतो तोच संबोधनाचा आ त्याला लागला. 'पलतडी' हाही घरचा. पैल म्हणजे पलीकडचा आणि तड म्हणजे काठ, म्हणून पलीकडच्या काठाला. शेवटची ई ही घरी, दारी या शब्दांतली जुनी सप्तमी आहे. हा शब्द पाहून आम्हाला हसू आले, कारण तो आम्ही रोज वापरतो : एखादे काम तडीस नेणे म्हणजे ते काठाला लावणे, आणि ज्याला हद्दपार करतात तो तडीपार. गाण्यातली स्त्री स्वखुशीने तडीपार होऊ पाहते आहे.

पण त्याच ओळीतले उरलेले दोन शब्द मराठी माणसाला केवळ संदर्भाने कळतात. 'हांव' म्हणजे मी. हे संस्कृत 'अहम्' पासून सरळ आलेले कर्त्याचे रूप आहे. गुजरातीतला 'हुं' त्याचा भाऊ. आपला 'मी' वेगळ्या घरातून आला आहे. तो 'मया' पासून, म्हणजे 'माझ्याकडून' या अर्थाच्या तृतीयेपासून आला, आणि कालांतराने त्याने कर्त्याचीही जागा घेतली. त्यामुळे आपण 'मी गेलो' आणि 'मी आंबा खाल्ला' या दोन्ही वाक्यांत एकच शब्द वापरतो. कोंकणीत अजूनही दोन लागतात : 'हांव गेलों', परंतु 'हांवें आंबो खालो'. जे रूप आपल्याकडे मिटले ते तेथे टिकले. याला मराठीचा अपभ्रंश म्हणावे, तर जे मूळ मराठीत नाही ते अपभ्रंशात कोठून आले, याचे उत्तर आम्हालाच द्यावे लागले असते.

'वेतां', काही ठिकाणी 'वतां', म्हणजे जातो किंवा जाते. कोंकणीत जाण्याचा धातू 'वच' आहे. प्राकृतात 'वच्चइ' असे रूप होते, त्याच्याशी त्याचे नाते आहे. मराठीचा 'जा' हा संस्कृत 'या' धातूचा वंशज. भूतकाळात मात्र दोघी पुन्हा एका घाटावर येतात : गेलो, गेलों. वर्तमानात दोन वाटा आणि भूतकाळात एक, असा हा प्रकार आहे.

याच शब्दात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'वेतां' वरून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. प्रमाण मराठीत जातो आणि जाते असा भेद वर्तमानकाळातच होतो. कोंकणीत पहिल्या पुरुषाच्या वर्तमानकाळात तो होत नाही, भूतकाळात होतो. तेथे तर गंमत अशी की तरुण मुलगी स्वतःबद्दल नपुंसकलिंगी 'गेलें' म्हणते, कारण मुलगी या अर्थाचा 'चेडूं' हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. मग गाण्यातली व्यक्ती स्त्री आहे हे भाषेवरून सिद्ध कसे होते? तिच्या स्वतःच्या क्रियापदावरून नव्हे, तर तारीच्या उत्तरावरून. तो नकार देताना 'गो' म्हणतो. 'गो' हे कोंकणीत स्त्रीलाच उद्देशून वापरतात, जसे आपल्याकडे 'गं'. साक्षीदाराने स्वतःबद्दल जे सांगितले नाही ते समोरच्या पक्षाच्या एका अक्षराने सिद्ध होते. न्यायालयात हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

येथे आम्हाला आमच्या आईची आठवण झाली. ती मंडईला निघताना उंबऱ्यावरून सांगे, "मी येतो रे." कोल्हापूर-बेळगावकडच्या कितीतरी बायका असेच बोलत आल्या आहेत. पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी एकदा तिला हसत विचारले होते, "अहो वहिनी, तुम्ही पुरुष कधी झालात?" आई त्या दिवशी गप्प राहिली. पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांसमोर ती 'येते' म्हणे आणि आमच्यासमोर 'येतो'. वर्तमानकाळात लिंगभेद न करणे ही चूक नसून एक व्यवस्था आहे, आणि ती दक्षिणेकडे नाना रूपांनी आढळते, हे तेव्हा तिला सांगणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या ओळीत दामूचे लग्न येते. 'दामूल्या' यात षष्ठीचा प्रत्यय 'ल' आहे, आणि पुढे 'कलवंतांचो' यात 'च'. एकाच गाण्यात दोन षष्ठी कशा? कोंकणीत 'चो' हा प्रत्यय सर्वांना चालतो. 'लो' आणि 'गेलो' हे प्रत्यय मात्र माणसांना लागतात आणि ते विशेषतः हिंदूंच्या बोलीत ऐकू येतात. रचनाकार ख्रिस्ती आहे, पण तोंड नर्तकीचे आहे. तिचे बोलणे तिच्या घरचे वाटावे, एवढे काम हा इवलासा 'ल' करतो. आपल्याकडेही तो पूर्ण मेलेला नाही. 'आपला', 'आपुला' या शब्दांत तो बसला आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही.

'लग्नाक' म्हणजे लग्नाला. शब्द संस्कृत, दोन्हीकडे सारखा. प्रत्यय मात्र 'क'. तिसऱ्या ओळीतला 'म्हाका' हाच प्रत्यय घेऊन येतो : म्हाका म्हणजे मला. काही गायक 'लग्नाकू' असा शेवटी उकार लावून गातात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील सारस्वतांच्या कोंकणीत 'घरांतु' सारखी उकारान्त रूपे नित्याची आहेत, तेव्हा त्या उकारावरून गाणे तिकडचे ठरवावे असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गाण्यात सूर लांबवायला शेवटी स्वर लागतोच, आणि चालीसाठी आलेला स्वर बोलीचा पुरावा होत नाही. असा पुरावा गद्य बोलण्यातून आला तरच ग्राह्य धरावा.

त्याच विनवणीत 'वाट' आहे. तो दोन्हीकडे एकच. 'दाखय' म्हणजे दाखव, आपल्या व च्या जागी य. आणि मग येतो 'कळना'. आम्ही पहिल्या वाचनात याच्यापुढे 'कळेना' असे लिहून मोकळे झालो होतो. फोनवर ते ऐकून मित्र म्हणाले, "थांबा. तुमचा 'कळेना' आणि आमचा 'कळना' एक नव्हेत." त्यांचे खरे होते. मराठीत 'मला वाट कळेना' म्हणजे प्रयत्न करूनही कळत नव्हती, काही केल्या उमगत नव्हती. त्यात एक धडपड आहे. कोंकणीत 'कळना' म्हणजे साधे 'कळत नाही', वर्तमानकाळ, वस्तुस्थिती. मराठी नकारासाठी 'नाही' हा शब्द स्वतंत्र ठेवते, कोंकणी तो क्रियापदाच्या पोटात घालते. दोन्ही भाषांत ज्याला कळत नाही तो चतुर्थीत जातो, म्हाका आणि मला, एवढे साम्य पक्के. पण तुमच्या-आमच्यासारखा मराठी वाचक ही ओळ ऐकून नर्तकीला हताश समजेल, आणि ती तर फक्त रस्ता विचारते आहे. ऐकताक्षणी कळते, असे आम्ही लिहिले होते. कळले होते ते चुकीचे.

मांडवाच्या ओळीत 'माटवांत' येतो. माटव म्हणजे मांडव. गोव्यात आणि तळकोकणात तो घरोघरी आहे. 'आंत' हा प्रत्यय आपल्या 'मांडवात' मधलाच. 'कलवंतांचो' याच्या शेवटी ओ आहे, कारण पुढचा 'खेळ' पुल्लिंगी आहे. आपण 'चा' म्हणतो, कोंकणी 'चो'. लिंग जुळविण्याचा नियम एकच, खूण वेगळी. 'घे' दोन्हीकडे अगदी तोच. आणि शेवटी तारीच्या तोंडचा 'नाका', म्हणजे आपला 'नको'. आमच्या बालपणीचा जकातनाका येथे उठला.

आता कागदावरची बेरीज. पंधरा शब्दांपैकी ज्यांचे मूळ मराठी माणसाला अनोळखी, असे शब्द दोनच : हांव आणि वेतां. उरलेल्या तेरांपैकी सहा जवळजवळ जसेच्या तसे : सायबा, पलतडी, वाट, माटवांत, खेळ, घे. सात असे की मूळ ओळखीचे पण घडण निराळी : दामूल्या, लग्नाक, म्हाका, दाखय, कळना, कलवंतांचो, नाका. आमचे मूळ वाक्य पहिल्या नजरेला खरे का वाटले, ते या बेरजेत दिसते. कान शब्दांची मुळे टिपतो आणि प्रत्यय सोडून देतो. पंधरांत तेरा ओळखीचे म्हटल्यावर माणूस सगळी भाषाच आपली समजतो. पण मुळे तर उसनीही येतात. 'सायबा' अरबी आहे म्हणून गाणे अरबी होत नाही, आणि 'लग्न' संस्कृत आहे म्हणून ते संस्कृतही होत नाही. भाषेची ओळख पटवायची तर सर्वनामे, विभक्तीचे प्रत्यय, नकार आणि नित्याची क्रियापदे पाहावी लागतात, कारण ती सहसा कोणी उसनी घेत नाही. या कसोटीवर पंधरांपैकी नऊ शब्द आमच्या विरुद्ध साक्ष देतात.

मग गाणे मराठीपासून तोडून टाकावे काय? तसेही होत नाही. तेच प्रत्यय घेऊन आपण उत्तरेकडे वेंगुर्ल्याला गेलो, तर मालवणीत 'माका' आहे, 'माझो' आहे, माटवही आहे. म्हणजे 'क' आणि 'ओ' गोव्याच्या सीमेवर थांबत नाहीत. पण तेथे 'हांव' नाही आणि 'वतां' नाही. माणूस 'मी जातंय' म्हणतो, आणि त्यातही पुरुष-स्त्री भेद नाही. प्रत्येक खुणेची सीमा वेगळ्या गावातून जाते. जमिनीच्या मोजणीत आम्ही पाहतो की एकाच शेताच्या चार बाजूंचे चार दगड एका रेषेत कधीच नसतात. बोलींचेही तसेच. राज्याची सीमा मात्र एकच काढावी लागते, आणि ती काढली की सगळ्या खुणा तिच्या मागेपुढे पडतात.

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 सालच्या खंडात कोंकणी मराठीची बोली म्हणून मांडली आहे. आमच्या मसुद्याचा आधार तोच होता. त्यानंतर 1975 साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, 1987 साली गोव्याच्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामात मराठीचीही सोय ठेवली. 1992 साली ती आठव्या अनुसूचीत आली. हे कायदे आम्हाला पाठ होते. पण कायद्याने सांगितले म्हणून मान्य करणे वेगळे आणि 'हांव' व 'कळना' यांनी सांगितले म्हणून मान्य करणे वेगळे.

मित्रांना आम्ही फोनवरून ही बेरीज सांगितली. त्यांनी विजय मिरविला नाही. एवढेच म्हणाले, "तुमच्या बेळगावच्या मराठीत कानडी शब्द सापडले की कोणी काय म्हणते, ते तुम्हीच मला सांगितले होते." होय, सांगितले होते. दोन-चार कानडी शब्द दाखवून 'ही कसली मराठी' असे ऐकविणारे आम्हाला भेटले आहेत, आणि तेव्हा आम्ही तावातावाने म्हणालो आहोत की शब्द मोजू नका, प्रत्यय पाहा. आमच्या आईच्या 'येतो' वर हसणाऱ्या बाईंनाही आज तेच सांगितले असते. तीच फूटपट्टी नदीच्या पैल काठाला लावताना आम्ही मात्र तिची दुसरी बाजू धरली होती.

मसुद्यातले ते वाक्य आम्ही खोडले. त्याच्या जागी लिहिले : 'या गाण्यातील बहुतेक शब्दांची मुळे मराठी वाचकाला ओळखता येतात, परंतु सर्वनामे, विभक्ती आणि नकाराची रचना कोंकणीची स्वतःची आहे. त्यांतील काही खुणा तळकोकणातील मराठी बोलींतही आढळतात.' वाक्य लांबले आणि सभेत टाळ्या मिळविण्याच्या लायकीचे राहिले नाही. परंतु ते उलटतपासणीत टिकेल. वाचकहो, आपापल्या गावचे एखादे सोपे गाणे घेऊन हे तीन रकाने भरून पाहावेत, आणि भरताना दुसऱ्या रकान्यापाशी थांबू नये.